गणेशोत्सव मंडळाचे अंदाजपत्रक : वर्गणीपासून जमाखर्चाच्या फलकापर्यंतचे अनुभव

कार्यवाह ताई

आमच्या गल्लीतील मंडळाच्या बैठकीत दरवर्षी एकच वाद होतो. देखावा आधी ठरवावा आणि मग तेवढी वर्गणी गोळा करावी, की हातात किती येईल ते पाहून देखावा ठरवावा? दुसरा वाद विसर्जनानंतर होतो, कारण हिशेबाचा फलक लागला तरी ‘बाकी कुठे गेली’ हा प्रश्न लोक विचारतातच. ज्यांनी मंडळाची तिजोरी सांभाळली आहे, किंवा ज्यांनी मंडळांना माल आणि सेवा पुरवल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव आकड्यांसह लिहावेत, ही विनंती.

जुना खजिनदार

ताई, आधी जमा आणि मग खर्च, हे माझे ठाम मत आहे. मात्र ‘जमा’ म्हणजे काय, हे नीट ठरवले नाही तर हा क्रम पाळूनही फसगत होते. नाशिकमधील आमच्या वसाहतीत सुमारे १८० घरे आहेत. नवखा माणूस १८० गुणिले ५०० रुपये करून नव्वद हजार लिहून मोकळा होतो. मी गेल्या वर्षीच्या पावत्यांची स्थळप्रत काढतो. त्यात १४२ घरांची वर्गणी प्रत्यक्ष आलेली दिसते, म्हणून घरगुती वर्गणीचे ७१,००० धरतो. दुकानदारांकडून २८,००० आले होते, तेवढेच धरतो. जाहिरात कमानीसाठी ६०,००० रुपयांची आश्वासने मिळाली होती आणि ४२,००० हाती पडले होते, म्हणून ४२,०००. आरतीच्या ताटातले ११,००० आणि गतवर्षीची शिल्लक १९,००० मिळवली की एकूण १,७१,००० होतात. आश्वासनाचा एक रुपयाही या बेरजेत नाही.

आता खर्च. मंडपाचे दरपत्रक ६०,००० चे होते, पण त्याच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असे लिहिलेले होते. अठरा टक्क्यांनी तो आकडा ७०,८०० झाला. मूर्ती १८,०००, रोषणाई, ध्वनी आणि वीज मिळून २५,०००, सजावट ३०,०००, पूजा आणि प्रसाद १५,०००, ढोल-ताशा पथक २०,०००. बेरीज १,७८,८००, म्हणजे जमेपेक्षा ७,८०० जास्त. बैठकीत तरुण मंडळी म्हणाली की, ‘काका, एवढे तर दोन जाहिरातींत भरून निघेल.’ मी त्यांना सांगितले की त्या जाहिरातींचे पैसे हातात आले की सजावट वाढवू, तोपर्यंत सजावट २०,००० आणि पथक १२,००० वर आणू. मग खर्च १,६०,८०० झाला आणि १०,२०० हातात राहिले. ही रक्कम पावसासाठी असते. ऐन उत्सवात ताडपत्री बदलावी लागली किंवा जनरेटर मागवावा लागला, तर त्या वेळी कुणी वर्गणी मागत फिरत नाही.

कात्री नेहमी सजावटीलाच लावावी, असेही माझे म्हणणे नाही. पण मूर्ती आणि मंडप यांची विसार रक्कम आधी द्यावी लागते, सजावटीचे साहित्य मात्र शेवटच्या आठवड्यातही घेता येते, आणि म्हणून हात आखडता घेण्याची सोय तिथेच असते. थर्माकोलवर २०१८ पासून बंदी असल्याने कापड, बांबू आणि कागद वापरावे लागतात. कापडाचे पडदे नीट घडी घालून ठेवले तर पुढच्या वर्षीचा खर्च निम्म्यावर येतो. अट एवढीच की ते कुणाच्या तरी माळ्यावर कोरडे राहिले पाहिजेत.

मंडपवाले

आमच्या बाजूचेही थोडे ऐकावे. मंडपाचा भाव चौरस फुटावर ठरतो. वर काकांनी लिहिलेला ६०,००० चा आकडा मला ओळखीचा वाटतो, कारण ३० बाय ४० फुटांचा मंडप पन्नास रुपये दराने तेवढाच होतो. अडचण अशी येते की मंडळ दरपत्रक महिनाभर आधी घेते आणि महापालिकेची परवानगी नंतर मिळते. त्या परवानगीत रस्त्याचा भाग मोकळा ठेवण्याची अट आली की मंडप ३० बाय ३२ वर येतो. म्हणजे ९६० चौरस फूट, आणि त्याच दराने ४८,००० रुपये. बिल मात्र जुन्या मापाचेच राहिले तर बारा हजार जास्त जातात, त्यावर कर वेगळाच. प्रामाणिक मंडपवाला स्वतःहून सांगतो. तरीही उभारणीच्या दिवशी मंडळाच्या माणसाने टेप घेऊन यावे, खांबाच्या आतून नव्हे तर बाहेरून माप घ्यावे आणि ते दरपत्रकाच्याच पाठीवर दोघांच्या सह्यांनी लिहावे. त्यानंतर भांडण राहत नाही. ‘जादा काम’ या नावाखाली येणाऱ्या ओळींना, म्हणजे स्टेजची उंची, बाजूचे पडदे, लोखंडी कठडा यांना, आधीच दर लावून घ्यावा. शेवटच्या रात्री सांगितलेल्या कामाचा दर आम्हीही शेवटच्या रात्रीचाच लावतो, हे खोटे कशाला बोलू?

सोसायटीवाली

आमच्या सोसायटीत हा प्रश्नच नाही. देखभालीच्या बिलात प्रत्येक सदनिकेला पाचशे रुपये लावले की काम झाले, मग घरोघरी कशाला फिरायचे?

कार्यवाह ताई

ताई, मी रस्त्यावरील मंडळाबद्दल विचारत होते. आमच्याकडे बिल नाही, सभासद नाहीत, आणि ज्याला द्यायचे नाही त्याला न देण्याचा पूर्ण अधिकार आहे.

सोसायटीवाली

तो अधिकार आमच्याकडेही असायला हवा, असे तळमजल्यावरचे एक काका दरवर्षी म्हणतात खरे. त्यांचे पाचशे रुपये थकीत म्हणून पुढच्या बिलात येतात आणि ते पुन्हा सचिवांना पत्र लिहितात.

पेठेतला

एक महत्त्वाची गोष्ट राहिली. मंडळाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी केली की मोठ्या देणगीदारांना ८०जीची करसवलत आपोआप मिळते. हे सांगितले की व्यापारी पाच हजारांऐवजी दहा हजार देतात. आमच्याकडे हे चालते.

लेखापरीक्षक

नोंदणी करावी, हे बरोबर आहे. ‘आपोआप’ मात्र चूक आहे. ८०जीची मान्यता आयकर विभागाकडून स्वतंत्रपणे घ्यावी लागते, आणि ती मिळाल्यावरही दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर सवलत मिळत नाही. शिवाय धार्मिक कार्यासाठी असलेल्या संस्थेला ती मान्यता मिळणे सोपे नसते. मान्यता नसताना पावतीवर तसे छापणे म्हणजे देणगीदाराला अडचणीत टाकणे आहे. ज्या मंडळांची नोंदणी नाही, त्यांनी वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते आणि नंतर हिशेब सादर करायचा असतो. व्यापारी हल्ली ती परवानगी पाहायला मागतात.

ताईंचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘बाकी कुठे गेली’ असे लोक विचारतात, याचे कारण बहुतेक वेळा चोरी नसते. फलक अर्धवट असतो. विसर्जनानंतर तीन दिवसांत फलक लावायचा म्हणून तोपर्यंत दिलेली रक्कम खर्चात दाखवली जाते. विजेचे अंतिम बिल आलेले नसते, मंडपाचा शेवटचा हप्ता द्यायचा असतो, आणि फलकावर चोवीस हजार शिल्लक दिसते. महिन्याने ती सहा हजार झाली की कुजबुज सुरू होते. फलकावर ‘देणी’ अशी वेगळी ओळ घालून अपेक्षित बिले लिहिली तर हे टळते.

तशीच गोष्ट अनामतीची. वीजजोडणीसाठी भरलेली अनामत खर्च नाही, ती परत येणार आहे. ती खर्चात टाकली तर परत आलेले पैसे कुठेच दिसत नाहीत, आणि तेव्हा मात्र खरोखरच विचारण्याजोगा प्रश्न उभा राहतो.

तिसरी बाब सर्वांत जास्त निसटते. एखादा देणगीदार मूर्तिकाराला परस्पर १८,००० रुपये देतो. पैसे मंडळाकडे आलेच नाहीत म्हणून खजिनदार ते लिहीत नाही. पण ते जमेत ‘वस्तुरूप देणगी’ आणि खर्चात ‘मूर्ती’ असे दोन्हीकडे लिहावेत. शिल्लक तीच राहते, पण उत्सवाचा खरा खर्च कागदावर येतो. माझ्याकडे आलेल्या एका मंडळाने हे केले नव्हते. चौथ्या वर्षी तो देणगीदार दुसऱ्या शहरात गेला, आणि मूर्तीचा खर्च असतो हे अंदाजपत्रक करणाऱ्या नव्या मुलांना कुठल्याच जुन्या पत्रकात सापडले नाही.

परदेशस्थ

अमेरिकेतील आमच्या मराठी मंडळात वर्गणी नसते, तिकीट असते. सभागृहाचे भाडे आणि जेवण हेच दोन मोठे खर्च. अडचण जेवणाची होते. नोंदणी दोनशेची असते, कॅटरर अडीचशेचा आग्रह धरतो, आणि ऐनवेळी येणाऱ्यांमुळे तोही चूक ठरत नाही. देखाव्याचा हिशेब आम्हाला लागत नाही, कारण मखर गेली अनेक वर्षे एकाच्या गॅरेजमध्ये आहे.

कार्यकर्ता

वर्गणी गोळा करणारा मी आहे, म्हणून पावत्यांबद्दल लिहितो. खजिनदार काका प्रत्येकाला पावती पुस्तक देताना वहीत पुस्तकाचा क्रमांक आणि आमची सही घेतात. दोन दिवसांनी पैसे जमा करायचे आणि स्थळप्रतीशी बेरीज जुळवायची, असा नियम आहे. चुकलेली पावती फाडून टाकायची नाही. दोन्ही भाग ‘रद्द’ लिहून पुस्तकातच ठेवायचे.

गोंधळ क्यूआर कोडमुळे झाला. मंडळाचे खाते नसल्याने कोड एका पदाधिकाऱ्याच्या वैयक्तिक खात्याचा होता. लोकांनी पैसे भरले, पण पावती कुणी मागितली नाही. खात्यात ‘पाचशे’ अशा एकाच रकमेच्या नोंदी एकाखाली एक, त्यांतच त्या गृहस्थांच्या दुकानाची उधारीही. आता नियम असा आहे की भरणाऱ्याने टिपणीत घर क्रमांक लिहायचा, आम्ही तिथेच उभे राहून पावती फाडायची, आणि पावतीवर व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहायचे. तरीही मंडळाच्या नावाचे खाते असल्याशिवाय हे पूर्ण सुटणार नाही, असे मला वाटते.

जुना खजिनदार

खाते हवेच, यात दुमत नाही. नोंदणी आणि पॅन या दोन गोष्टी झाल्या की बँक नकार देत नाही.

पेठेतला

८०जीबद्दल माहिती घेतो. पण फलकाबद्दल मला विचारायचे आहे. आम्ही प्रत्येक घराची रक्कम नावासह लावतो. त्यामुळे वर्गणी वाढते, हे नक्की.

कार्यवाह ताई

आमच्याकडे तेच बंद करावे लागले. एका घरात मालक आजारी होते, त्यांनी शंभर रुपये दिले, आणि शेजारच्या पाच हजारांखाली ते शंभर सर्वांना दिसत होते. त्यांच्या मुलीने येऊन फलकाचा फोटो दाखवला. तेव्हापासून आम्ही घरगुती वर्गणीची फक्त पावती क्रमांक आणि रक्कम अशी यादी लावतो. ज्याला पडताळायचे आहे तो आपली पावती घेऊन येतो.

लेखापरीक्षक

पावती क्रमांकाची पद्धत पडताळणीला पुरेशी आहे. जाहिरातदारांची नावे मात्र द्यावीत, कारण त्यांनी प्रसिद्धीसाठीच पैसे दिलेले असतात.

पेठेतला

नावे काढली तर आमच्या आळीत वर्गणी निम्म्यावर येईल. एक वर्ष करून पाहायला सगळे तयार होतील का, ते बैठकीत विचारतो. अंदाजपत्रकात मात्र जमेचा आकडा त्या वर्षी कमी धरावा लागेल, आणि किती कमी, हे कुणी सांगू शकेल काय?