अहवालातला जमाखर्च

"सभेत सचिवाचा अहवाल सुरू झाला की हिशोबाच्या पानावर लोक उठायला लागतात. आकडे तर सांगायलाच हवेत, मग काय करू?"

सगळे आकडे वाचू नका. जमाखर्चाचं पत्रक छापून सभेच्या दारातच वाटा आणि भाषणात चारच रकमा घ्या. समजा, गणेशोत्सवाची सुरुवातीची शिल्लक ३८ हजार, जमा ४ लाख १२ हजार, खर्च ४ लाख ५ हजार, उरले ४५ हजार. हे सावकाश सांगा, म्हणजे लोक मनातल्या मनात बेरीज करून बघतात आणि ती जुळली की पुढचं ऐकतात.

मग खर्चातली सर्वांत मोठी बाब उचला. मंडप आणि रोषणाईला १ लाख ६२ हजार गेले असतील, तर "खर्चाच्या दर शंभरातले चाळीस रुपये मंडप-रोषणाईला गेले" असं म्हणा. गेल्या वर्षीपेक्षा वाढले असतील तर कारण लगेच द्या: पावसामुळे पत्रे घातले, भाडं वाढलं. कारण मागाहून दिलं की ती सारवासारव वाटते.

वाद हमखास दोन ठिकाणी होतो. एक, "किरकोळ खर्च" फुगलेला असतो. त्यातली मोठी रक्कम नावानिशी वेगळी काढा. दुसरं, पासबुकात ५१ हजार आणि तुम्ही म्हणता ४५. ढोलपथकाचा ६ हजारांचा चेक अजून वटलेला नाही, हे कुणी विचारायच्या आत तुम्हीच सांगा. खजिनदारांना पावतीपुस्तकं घेऊन शेजारी बसवा.