प्रतिसाद: नकार दुसऱ्याच वाक्यात द्या

> चाकणच्या जुन्या क्लायंटची वेबसाइट मी केली. आता ते टॅलीला जोडलेलं स्टॉकचं ॲप मागतायत. ते मला येत नाही. संबंध न बिघडवता कसं कळवू?

‘सध्या वेळ नाही’ असं मात्र लिहू नका. ‘मग दिवाळीनंतर करा’ असं उत्तर येतं आणि तुम्ही अडकता. खरं कारण नेमकं लिहा:

‘साहेब, ॲपसाठी माझा विचार केलात, आभारी आहे. पण हे काम मी घेऊ शकत नाही. टॅलीशी डेटा जोडण्याचं काम मी केलेलं नाही. त्यात एक बिल दोनदा चढलं तरी तुमचा स्टॉक आणि जीएसटी दोन्ही चुकतील. ॲप तयार झालं की वेबसाइटवर त्याचं लॉगिन मी जोडून देईन.’

शेवटचं वाक्य गाळू नका. संबंध त्यावरच टिकतो. पण तेवढंच काम कबूल करा, ‘लागेल ती मदत करीन’ नको, नाहीतर ॲपची प्रत्येक तक्रार तुमच्याकडेच येईल.

दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायचं तर आधी त्याला विचारा, आणि ‘दर, मुदत तुम्ही थेट ठरवा’ हे पत्रातच लिहा. आधी फोन, मग लगेच मेल. उशीर केलात तर ते तुम्हाला धरूनच तारखा ठरवतील.