मदत हवी आहे: हृदयाला जन्मापासून छिद्र, आता ओठ आणि नखे निळी, छिद्र बंद का करत नाहीत?

लालबागकर: माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. तिच्या हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून मोठे छिद्र आहे. लहानपणी शस्त्रक्रिया राहून गेली. आता तिची नखे निळी दिसतात, बोटांची टोके फुगली आहेत आणि दादरचा पूल चढताना तिला दोनदा थांबावे लागते. ऑक्सिजन ८२ टक्के आणि हिमोग्लोबिन २०.४ आहे. परळच्या डॉक्टरांनी ‘आयझेनमेंगर’ असे निदान करून आता छिद्र बंद करता येणार नाही, असे सांगितले. याउलट घराजवळचे डॉक्टर रक्त काढून टाकायला सांगतात. नेमके काय करावे?

सुहासिनी: माझ्या मुलीचे छिद्र मांडीतून नळी घालून छत्रीसारख्या उपकरणाने बंद केले आणि ती तिसऱ्या दिवशी घरी आली. तुम्ही दुसऱ्या डॉक्टरांचे मत अवश्य घ्या.

इकोवाला: सुहासिनीताई, तुमच्या मुलीच्या फुप्फुसांतला दाब वाढलेला नसणार, इथे प्रश्न तोच आहे. लहानपणी डाव्या कप्प्याचा दाब जास्त असल्याने शुद्ध रक्त छिद्रातून उजवीकडे जात होते आणि फुप्फुसांवर जादा रक्ताचा मारा होत होता. वर्षानुवर्षे तो सोसून तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड झाल्या, पोकळी अरुंद झाली आणि अखेर उजवीकडचा दाब डावीकडच्यापेक्षा वाढला. म्हणून आता अशुद्ध रक्त फुप्फुसांत न जाता छिद्रातून थेट शरीरात जाते, आणि निळेपणा त्याचाच आहे. आज तेच छिद्र उजव्या कप्प्याची सुटकेची वाट आहे; ते बुजवले, तर सगळे रक्त त्या अरुंद वाहिन्यांतून ढकलताना तो कप्पा निकामी होऊ शकतो.

विनायक_ठाणे: घरी ऑक्सिजन लावला तर निळेपणा जाईल. रक्त घट्ट झाले असेल, तर काढलेलेच बरे.

इकोवाला: विनायकराव, जे रक्त फुप्फुसांत जातच नाही, त्याला नाकातल्या ऑक्सिजनचा फारसा लाभ होत नाही, काहींना थोडे बरे वाटते, एवढेच. रक्त घट्ट होते हे खरे, परंतु कमी ऑक्सिजन भरून काढण्यासाठी शरीरानेच तांबड्या पेशी वाढवल्या आहेत. केवळ आकडा पाहून वारंवार रक्त काढले, तर लोह घटते आणि दम उलट वाढतो. डोकेदुखी, चक्कर, अंधुक दिसणे अशी लक्षणे असतील, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, ६५ टक्क्यांच्या वर असेल आणि शरीरात पाणी कमी नसेल, तरच थोडे रक्त काढून तेवढेच सलाईन देतात. लालबागकर, सलाईन लावताना नळीत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका, असे नर्सला आवर्जून सांगा, कारण तो छिद्रातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. तिचे हिमॅटोक्रिट आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन किती आहे?

लालबागकर: हिमॅटोक्रिट ६१ आहे आणि डोकेदुखी नाही, म्हणून रक्त काढणे थांबवले आहे. फेरिटिन मात्र कमी आले. लोहाच्या गोळ्या दिल्या, तर रक्त आणखी घट्ट होईल का?

इकोवाला: लोह कमी असेल तर ते देतात, पण कमी मात्रेत आणि दर काही दिवसांनी रक्त तपासत, कारण हिमोग्लोबिन झपाट्याने चढू शकते. तिच्यासाठी मात्रा किती, हे परळच्या डॉक्टरांनीच ठरवावे. आणखी एक, तिचे लग्न झाले असेल वा ठरत असेल, तर गर्भधारणेविषयी त्यांच्याशी आधी बोला. या आजारात बाळंतपण आईच्या जिवावर बेतू शकते.

लालबागकर: तिचे लग्न मागच्या वर्षी झाले. हे आम्हाला आजवर कोणीच सांगितले नव्हते.