चिवड्याच्या जारवर गळ्यापासून तळापर्यंत स्लीव्ह हवीच का?

चिवडेवाला_पालदा: इंदूरात छोटा कारखाना आहे. २०० ग्रॅमचा पारदर्शक पेट जार, व्यास साडेसात सेंमी, वर पूर्ण छापील श्रिंक स्लीव्ह, म्हणजे गरम करून घट्ट बसवलेलं प्लास्टिकचं वेष्टण. जारखाली बाणांच्या त्रिकोणात १ आहे म्हणजे रिसायकल होतोच ना? पार्टनर म्हणतो स्लीव्ह काढ, पण माल खपतो तिच्यावरच.

सराफेवाला: अजिबात काढू नको भिया. दुकानात चार जार शेजारी ठेवले की गिऱ्हाईक चमकणाराच उचलतं. सुका कचरा आपण वेगळा देतोच की गाडीत, पुढचं प्लांटवाले बघतील.

जुना_प्लास्टिकवाला: तो १ जारचा आहे, स्लीव्हचा नाही, आणि स्वस्त स्लीव्ह बहुतेक पीव्हीसीची असते. जारचे तुकडे करून पाण्यात टाकतात तेव्हा पीपीचं झाकण तरंगतं, ते वरून काढता येतं, पण पेट बुडतं आणि पीव्हीसीपण बुडते, मग दोन्ही एकत्रच पुढे जातात. पेट वितळतं साधारण २६० डिग्रीला, तोवर पीव्हीसी जळून ॲसिड सोडायला लागते, माल पिवळा पडतो, काळे ठिपके येतात, थोडीशी मिसळली तरी. स्लीव्हचा तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात दाबून बघा, नाहीतर बुडबुडे चिकटून उगाच तरंगतो.

हिरवी_माळवी: मग कागदी लेबल लावा ना, पूर्ण गोंद लावून. कागद तर नैसर्गिक!

जुना_प्लास्टिकवाला: पीव्हीसी गेली हे बरोबर, पण गरम धुलाईत कागदाचा लगदा होतो आणि तंतू तुकड्यांना चिकटतात. त्यापेक्षा बीओपीपीची, म्हणजे पीपीच्याच पातळ फिल्मची पट्टी गुंडाळा. जारचा घेर साधारण २३५ मिमी, तर २४५ लांब, ५० उंच, गोंद फक्त दोन टोकांना. ती तरंगते. शाई मात्र फार जाड नको, नाहीतर तीपण बुडायची.

लोणचेवाली_मावशी: माझ्या बरण्यांचं लेबल तेलाने सुटतं, त्याला कुठला गोंद?

सराफेवाला: मावशी तुमची काच, इथे पेट चाललंय 😄

चिवडेवाला_पालदा: तुकडा बुडाला. मग अंगणात तांब्याची तार लाल करून त्याला टेकवली, परत ज्योतीत धरली तर हिरवी ज्योत!

जुना_प्लास्टिकवाला: मग पीव्हीसीच. हिरवी नसती तर पेटचाच एक प्रकार, पीईटीजी असू शकली असती, तीपण बुडते आणि सुकवताना मऊ होऊन गोळे करते, म्हणजे तीही नकोच.

सराफेवाला: आणि झाकण कुणी उघडून बघितलं तर? आत्ता स्लीव्ह झाकणावरून येते म्हणून कळतं.

जुना_प्लास्टिकवाला: हा मुद्दा मानला. झाकणाखाली इंडक्शन सील, म्हणजे जारच्या तोंडाला चिकटणारी फॉइल लावता येते, पण मशीन घ्यावं लागेल. नुसत्या गळ्यावर छोटा बँड चालेल, गिऱ्हाईक तो उघडताना फाडूनच टाकतं.

सराफेवाला: सगळे कुठे फाडतात, माझी बायको सुरीने कापते, अर्धा जारवरच राहतो.

चिवडेवाला_पालदा: १०० जारवर पट्टी लावून दुकानात ठेवतो, शेजारी जुने १०० स्लीव्हवाले. बँडचं अजून ठरत नाहीये.