फीसाठी कर्ज काढायचं की फंड मोडायचा?

शहापूरकर (बेळगाव): मुलाला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. फी दरवर्षी २ लाख, चार वर्षं. इक्विटी फंडात ८ लाख आहेत. सरकारी बँक १० टक्क्यांनी शिक्षणकर्ज द्यायला तयार आहे. फंड मोडू की कर्ज काढू?

निपाणीकर: कर्ज काढा की. फंड १२ टक्के देतो, बँक १० घेते, वरचे दोन टक्के तुमचे. शिवाय ८०ई खाली व्याजावर करसवलत.

खानापूरची ताई: १२ टक्के कुणी लिहून दिलेत? २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजार तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कोसळला होता. हप्ता काही त्याबरोबर उतरत नाही. आणि ८०ई जुन्या करपद्धतीतच चालतं.

कंग्राळीकर: माझ्याकडं फंड नाही, सोसायटीत एफडी आहे, साडेसहा टक्के. मी काय करू?

निवृत्त बँकवाला: कंग्राळीकर, तुमचा प्रश्न सोपा आहे. अडीनडीपुरती ठेवून बाकीची एफडी मोडा. साडेसहा मिळवायला दहा भरण्यात काही राम नाही.

शहापूरकर, वर दोघांनीही दहा टक्के चक्रवाढ धरलंय. सरकारी बँकांत साधारणपणे शिक्षण चालू असताना आणि पुढं वर्षभर सरळव्याज लागतं. पहिल्या वर्षाचे २ लाख पाच वर्षांत ३ लाख होतात. फंडातल्या २ लाखांचे कर जाऊन ३ लाख व्हायला वर्षाला साडेआठ टक्के पुरतात. शेवटच्या वर्षाची फी मात्र दोनच वर्षं राहते, तिला साडेनऊ लागतात.

चारही वर्षांचं व्याज मिळून २ लाख ८० हजार होतं. ते मुद्दलात मिळून १० लाख ८० हजारांवर हप्ते सुरू होतात, सात वर्षांसाठी महिना सुमारे १८ हजार. खरं महाग तिथून पडतं. म्हणून कर्ज काढा, पण तिसऱ्या वर्षापासून फंड थोडा थोडा एफडीत वळवा आणि हप्ते सुरू होण्याआधी जमेल तेवढं फेडून टाका.

सही करण्याआधी मंजुरीपत्रात सरळव्याज लिहिलंय का बघा. नंतर खात्याचा उतारा बघत जा. २ लाखांवर महिन्याला सोळाशे-सतराशे व्याज लागतं. नवी रक्कम न उचलता हा आकडा दर महिन्याला वाढत गेला, तर व्याजावर व्याज चढतंय.

निपाणीकर: सरळव्याजाचं माझ्या ध्यानात नव्हतं. पण एफडीत वळवलं की परतावा घटणार, मग फायदा काय उरला?

निवृत्त बँकवाला: थोडाच उरतो. पण मुलाला नोकरी लागायला वेळ लागला, तर हाताशी पैसा असेल.

खानापूरची ताई: आणि नोकरी लागलीच नाही, त्यात बाजारही पडलेला असला, तर? १८ हजार बापच भरणार. मी असते तर पहिल्या दोन वर्षांची फी फंडातून भरून फक्त ४ लाखांचं कर्ज काढलं असतं.

शहापूरकर: मला निवृत्तीला सहा वर्षं आहेत, ताई म्हणतात ती भीती खरी आहे. उद्या मंजुरीपत्र मागवतो.