मदत हवी आहे : नाकाचा आकार, हवामान आणि दहावीचा वर्ग

निपाणीजवळच्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. वर्गात एकानं विचारलं, "सर, नाकावरून वंश कळतो ना?" हे खूळ जुनंच. रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1891 मध्ये नाकाची रुंदी भागिले उंची काढून भारतातल्या जातींची उतरंड लावली होती.

मी सोमाली आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या लोकांचं उदाहरण दिलं. दोघांनाही एकाच 'काळ्या वंशात' टाकतात. पण कोरड्या प्रदेशातल्या सोमालींची नाकं सरासरीनं अरुंद, दमट किनाऱ्यावरची रुंद. अरुंद वाटेत हवा ओल्या अस्तराला जास्त घासते, त्यामुळे फुप्फुसात जाण्याआधी ती ओलसर आणि कोमट होते. थंड-कोरड्या युरोपातही नाकं अरुंदच, म्हणजे रेघ कातडीच्या रंगाप्रमाणे पडत नाही.

आता पोरं म्हणतात, खानापूरच्या पावसातली आणि अथणीच्या कोरड्यातली नाकं मोजूया! मला वाटतं फरक दिसणार नाही. असे बदल व्हायला हजारो वर्षं लागतात, आणि आपल्याकडे सोयरिकी, स्थलांतरं सतत चालूच. बरोबर आहे ना?

दुसरं, हवामानाचा असर पायांवरही दिसतो : नडगीच्या हाडाची लांबी भागिले मांडीच्या हाडाची लांबी हे प्रमाण थंड प्रदेशात कमी भरतं. जिवंत माणसावर ते टेपनं नीट मोजता येतं का? गुडघ्याची खूण नेमकी कुठे धरायची?