दहा वर्षांच्या मुलाला पहिला गेम: डब्यावरचा आकडा कितपत धरायचा?

विश्रामबागची आई
मुलगा परवा दहाचा झाला. धाकट्या दिरांनी त्यांचा जुना पीएस4 दिलाय. आता पहिला गेम कोणता, यावरून घरात दोन तट पडलेत. मुलाला एफसी 25 (फुटबॉल) हवाय, त्यावर वयाचा शिक्का पेगी 3 आहे. दुसरा माइनक्राफ्ट, त्यावर पेगी 7. हे म्हणतात 3 वालाच घे, तो जास्त सुरक्षित. खरंच तसं असतं का? आणि रोज किती वेळ द्यावा?

कुपवाडचा काका
साहेब बरोबर बोलतायत. आकडा जितका लहान तितका गेम निर्धोक, उगाच डोकं कशाला लावायचं? माइनक्राफ्टमध्ये रात्र झाली की भुतं बाहेर येतात, फुटबॉलमध्ये ना मारामारी ना रक्त. शिवाय मॅचची शिट्टी वाजली की खेळ संपतो. माइनक्राफ्टला शेवटच नाही, पोरगं उठायचं नाव घेत नाही. मी माझ्या पुतण्याला फुटबॉलच आणून दिलाय.

मिरजेची मावशी
अगं 3 म्हणजे बालवाडीतल्या मुलांचा, दहा वर्षांचा मुलगा दोन दिवसांत कंटाळेल. 7 वालाच घे. जरा कठीण असला की डोकं चालतं.

पोवई नाका
मावशी, त्या आकड्याचा कठीण-सोप्याशी काही संबंध नाही. मोठ्या माणसालाही जड जाणारे गेम 3 चा शिक्का घेऊन येतात. मी साताऱ्यात कन्सोल दुरुस्त करतो, हा घोळ दुकानात सारखा ऐकतो.

या दोन्ही गेमचा आकडा ठरताना मुख्यतः पडद्यावर काय दिसतं आणि कानावर काय पडतं हे पाहिलेलं असतं: मारामारी, भीती, शिव्या, जुगाराची दृश्यं. माइनक्राफ्टला 7 मिळालाय तो चौकोनी झोम्बी आणि थोडी भीती यांच्यामुळे. फुटबॉलमध्ये त्यातलं काहीच नाही, म्हणून 3. काकांचं तिथपर्यंत बरोबर आहे.

पण ताई, एफसी 25 चा डबा उलटा करा. तिथे बारीक अक्षरात गेममध्ये खरेदी आहे असं लिहिलेलं असतं आणि पुढे 'includes random items' असे शब्द असतात. त्या गेममध्ये अल्टिमेट टीम नावाचा भाग आहे. त्यात खेळाडूंची बंद पाकिटं मिळतात. खेळून कमावलेल्या नाण्यांनी घेता येतात, नाहीतर खऱ्या पैशाने पॉइंट्स घेऊन. आत एमबापे निघेल की कुणी तिसऱ्या फळीतला, हे फोडल्याशिवाय कळत नाही. बेल्जियममध्ये 2018 साली तिथल्या जुगार नियंत्रकाने अशा पाकिटांना जुगार ठरवलं आणि 2019 च्या जानेवारीत कंपनीला तिथे पॉइंट्सची विक्री थांबवावी लागली. हाच फुटबॉल, हाच 3 चा शिक्का.

ऑनलाइन समोर कोण येतं, काय बोलतं, हेही या दोन आकड्यांत धरलेलं नाही.

कृष्णाकाठचा तालीमवाला
लई झालं हे पेगी न् बिगी. दहा वर्साचं पोरगं हाय, सकाळी आमराईत पळायला न्या, सांजच्याला तालमीत धाडा. मशीन दिरास्नी परत करा.

विश्रामबागची आई
दादा, सकाळी तो स्केटिंगला जातोच. मशीन घरात आलंय, आता ते कसं वापरायचं एवढंच विचारतेय.

हरभट रोड
माझ्या भाच्याने आईच्या मोबाइलवर एका गेमात हिरे घेतले. पासवर्ड त्याला पाठ होता. महिन्याच्या शेवटी खात्यात शिल्लक बघून ताई रडायची बाकी होती. म्हणून सांगतो, पैसे मागणारा कुठलाच गेम नको.

पोवई नाका
मोबाइलवर ते सोपं असतं, कारण फोनला खातं जोडलेलंच असतं. पीएस4 वर मुलाच्या नावाने वेगळं चाइल्ड अकाउंट काढा. त्याची महिन्याची खर्चमर्यादा शून्य ठेवा आणि चॅट बंद करा. मग फुटबॉलसुद्धा चालेल, पण 'किक ऑफ' मध्ये. म्हणजे घरातलेच दोघे, नाहीतर एकटा कॉम्प्युटरविरुद्ध. अल्टिमेट टीमच्या वाटेला जायचंच नाही.

पोरं जिथून निसटतात ती जागाही सांगतो. वेळ संपली की ती नवीन यूजर काढतात, नाहीतर पाहुणा म्हणून शिरतात, आणि त्या खात्याला तुमची मर्यादा लागत नाही. त्यासाठी सेटिंग्जमध्ये 'User Creation and Guest Login' बंद करायचं. या निर्बंधांचा पासकोड मुळात 0000 असतो, तो आठवणीने बदला, कारण पोरांना तो आधीच ठाऊक असतो. आणि स्वतःच्या खात्यालाही लॉगिनचा पासकोड लावा.

कुपवाडचा काका
एवढी कुलपं लावून पुन्हा फुटबॉलच! मग माझं काय चुकलं? आणि माइनक्राफ्टच्या वेळेचं बोला की.

पोवई नाका
वेळेचं तुमचं निम्मं बरोबर. मॅचला शेवट असतो खरा, पण तो कधी येईल ते तुम्ही ठेवलेल्या लांबीवर. किक ऑफमध्ये चार मिनिटांचा हाफ ठेवला तर रिप्ले, मध्यंतर धरून एक मॅच बारा-तेरा मिनिटांत उरकते. पाऊण तासात तीन मॅच. अल्टिमेट टीममध्ये मात्र आठवड्याची उद्दिष्टं असतात, ऑनलाइन मॅच सोडली की हार नावावर लागते. तिथे शिट्टी वाजली तरी पोरगं उठत नाही.

माइनक्राफ्टला शिट्टी नाही, पण सूर्य आहे. तिथला दिवस-रात्र मिळून वीस मिनिटांचा. पहिल्या दिवशी मुलाला मेंढ्यांची लोकर आणि लाकडाच्या फळ्या गोळा करून बिछाना करायला लावा. मावळतीला त्यावर झोपलं की रात्र उडते. म्हणजे एक दिवस साधारण अकरा मिनिटांचा. तीन वेळा झोपला की बंद, असा नियम पोराला घड्याळापेक्षा लवकर पटतो. डिफिकल्टी 'Peaceful' वर ठेवली की हल्ला करणारे राक्षस येत नाहीत, म्हणजे ज्याच्यामुळे 7 मिळालं त्यातलं बरंच गेलं. हाही गेम विकत काही ना काही देऊ पाहतो, पण त्याचं दुकान वेगळं असतं, आणि शून्य मर्यादा तिथेही लागते.

राजवाडा चौपाटी
पण पोवई नाका, तुम्ही सांगताय ते रोज कोण मोजणार? झोपा मोजत बसायला आईला वेळ आहे का? पीएस4 वर प्लेटाइम लावा, 45 मिनिटांनी आपोआप लॉगआउट. विषय संपला.

पोवई नाका
लावा, पण लॉगआउट लगेच नको. त्यात दोन पर्याय येतात, नुसती सूचना किंवा थेट बाहेर. सामना 1-1 आणि 87 वं मिनिट, अशा वेळी पडदा गेला की मॅच गेली. मग पुढचा तासभर घरात जे होतं ते माझ्या दुकानात येऊन आया सांगतात. माझ्या मते महिनाभर सूचना ठेवा, मोजायचं काम मुलालाच द्या. फसवतो असं दिसलं तर लॉगआउट लावा.

राजवाडा चौपाटी
उलट सांगतो. सुरुवातीपासून लॉगआउट असला तर भांडण मशीनशी होतं, आईशी नाही. नंतर लावला की ती शिक्षा वाटते. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, पोरगी स्वतःच बघते शेवटची मॅच बसते का ते.

मिरजेची मावशी
हे मात्र पटलं हो.

विश्रामबागची आई
आत्ता बसून सेटिंग बघितलं. कोड खरंच 0000 होता आणि चिरंजीवांनी बाजूला उभं राहून तो मला आधीच सांगितला! माइनक्राफ्ट घेतेय. फुटबॉल दिवाळीत, फक्त किक ऑफ, ह्यांच्यासोबत. शाळेच्या दिवशी काही नाही, शनिवार-रविवारी पाऊण तास. लॉगआउटवरून मात्र ह्यांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.

कुपवाडचा काका
दिवाळीपर्यंत ते पोरगं मित्राच्या घरी जाऊन अल्टिमेट टीम खेळेल, त्याला कुठला पासकोड लावणार?